हयातीचा दाखला दिला, प्रमाण आयडी आला, तरी आईची फॅमिली पेन्शन डिसेंबरला जमा नाही. अडकली कुठे?

कडक_भाकरी | ३ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, पेन्शनच्या कामातले जाणकार असतील तर जरा लक्ष द्या.

आई सोलापुरात असते, वय ७४. वडील रेल्वेत होते. ते गेल्यापासून तिला रेल्वेची फॅमिली पेन्शन बँकेमार्फत मिळते. आईने स्वतः कारखान्याच्या विड्या वळल्या, पीएफ कापला जायचा, म्हणून तिची स्वतःची ईपीएसची छोटी पेन्शनही आहे. दोन्ही एकाच खात्यात येतात.

नोव्हेंबरच्या मध्याला घराजवळच्या एका सेवा केंद्रात तिचा हयातीचा दाखला ऑनलाइन काढला. बोटं मशीनवर कधीच लागत नाहीत, पत्ता कातरून आणि तंबाखू भरून रेषाच राहिल्या नाहीत, म्हणून चेहरा स्कॅन करून काढला. माझ्या मोबाइलवर प्रमाण आयडीचा मेसेज आला. मी निर्धास्त.

नोव्हेंबरची पेन्शन महिनाअखेरीस नेहमीसारखी जमा झाली. डिसेंबरची आज ३ तारीख उजाडली तरी नाही. आई शाखेत गेली तर काउंटरवरच्या पोराने पासबुक भरून दिलं आणि "आजी, आलीय की पेन्शन" म्हणून तेराशेची एंट्री दाखवली. ती ईपीएसची! चौदा हजारांच्या वरची रेल्वेची रक्कम नाहीच. आई "आली म्हणतोय की तो" म्हणत घरी परत.

मी पुण्यात. उठून सोलापूरला जाण्याआधी नक्की कुठे घोडं पेंड खातंय ते कसं शोधायचं?

---

मिलिंद_प्र | ३ जानेवारी, रात्री १०:०५

सरळ बँकेची चूक आहे. दाखला दिल्या तारखेपासून १२ महिने चालतो, नोव्हेंबरची अट कधीच गेली. माझ्या सासऱ्यांचा आम्ही जूनमध्ये देतो, कधी अडचण नाही. मॅनेजरला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नमतं घेऊ नका.

---

माजी_सुभेदार | ३ जानेवारी, रात्री १०:३२

भाऊ, स्पर्शवर लॉगिन करा. तिथे ओळख पडताळणीची पुढची तारीख स्पष्ट दिसते. माझी पेन्शन मागे अशीच थांबली होती. जुन्या बँकेतून स्पर्शवर आलो तेव्हा पीपीओ नंबर नवा मिळाला आणि मी दाखला जुन्या नंबरावर काढत बसलो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या मुलाने बघून दिलं. तुम्हीही तिथे जा, चांगली माणसं आहेत.

---

कडक_भाकरी | ३ जानेवारी, रात्री १०:४१

सुभेदार साहेब, वडील रेल्वेत होते, सैन्यात नाही. स्पर्श आम्हाला लागू नाही. पण पीपीओ नंबरचा मुद्दा टिपून ठेवला.

---

खतावणी | ४ जानेवारी, सकाळी ७:१५

मी बँकेच्या पेन्शन केंद्रात बरीच वर्षं काढली आहेत, आता निवृत्त. तक्रार नंतर, आधी शोध.

मिलिंद, तुम्ही म्हणता ते ईपीएसपुरतं बरोबर. तुमचे सासरे ईपीएसवाले असणार. तिथे दाखला ज्या दिवशी दिला त्या दिवसापासून १२ महिने, मग तो जून असो की फेब्रुवारी. केंद्र सरकारच्या आणि रेल्वेच्या पेन्शनला नोव्हेंबर तसाच आहे. ८० पूर्ण झालेल्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो, एवढीच सवलत. नोव्हेंबरअखेर दाखल्याची नोंद नसेल तर नोव्हेंबरची पेन्शन मिळते आणि डिसेंबरची थांबते. कडक_भाकरी, तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतंय. सरकारी पेन्शन महिन्याच्या शेवटच्या चार कामकाजाच्या दिवसांत जमा होते (मार्चची तेवढी एप्रिलमध्ये), त्यामुळे ३ जानेवारीला "अजून येईल" अशी आशा नको.

आता दोन गोष्टी घरबसल्या बघा.

एक, पासबुकात डिसेंबरअखेरीस रेल्वेच्या पेन्शनची काहीच नोंद नाही, की रक्कम आली आणि परत गेली? नोंदच नसेल तर पैसे केंद्रातून निघालेलेच नाहीत. खात्याचा काही दोष नाही.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. मेसेजमधला प्रमाण आयडी घेऊन jeevanpramaan.gov.in वर पेन्शनरच्या लॉगिनने आत जा, ओटीपी येईल, दाखल्याची पीडीएफ उतरवा. त्यावर `PPO Number`, `Sanctioning Authority` आणि `Disbursing Agency` या तीन ओळी वाचा आणि इथे सांगा. नंबर इथे टाकू नका, फक्त कोणत्या पेन्शनचा आहे ते सांगा.

प्रमाण आयडी आला म्हणजे दाखला तयार झाला, इतकंच. तो बँकेकडे गेला का आणि बँकेने तो स्वीकारला का, हे त्या मेसेजवरून कळत नाही. लोकांचं इथेच फसतं.

---

बाराभाई | ४ जानेवारी, सकाळी ९:२०

केवायसी संपलं असेल हो. आमच्या शेजारच्या आजोबांचं तसंच झालं, खातं गोठवलं. आणि मुळात हे ऑनलाइन कशाला? दरवर्षी शाखेत जाऊन कागदावर सही करायची, साहेब समोर बघतो की माणूस जिवंत आहे, विषय संपला. आता जिवंत माणसाला मोबाइलपुढे डोळे मिचकावून जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतंय.

---

खतावणी | ४ जानेवारी, सकाळी ९:५०

डोळे मिचकावण्याबद्दल काही म्हणणं नाही :) पण केवायसी नसावं. केवायसीसाठी खातं अडवतात तेव्हा बहुधा पैसे काढणं बंद होतं, जमा होणं चालू राहतं. इथे ईपीएसचे तेराशे त्याच खात्यात त्याच सुमारास जमा झालेत. खातं बंद असतं तर तेही दिसले नसते. म्हणजे खातं ठीक आहे आणि अडथळा एकाच पेन्शनवर आहे. पीडीएफची वाट बघते.

---

कडक_भाकरी | ४ जानेवारी, दुपारी १:१०

खतावणी ताई, उतरवली. डोक्याला हात लावून बसलोय.

`Disbursing Agency` मध्ये ईपीएफओ. `PPO Number` आईच्या ईपीएसचा. पेन्शनचा प्रकार `Service`, फॅमिली नाही. बँक खात्याचा नंबर बरोबर आहे, पण तो दोन्ही पेन्शनला एकच.

म्हणजे सेवा केंद्रवाल्याने नोव्हेंबरमध्ये ईपीएसचाच दाखला काढला. "रेल्वेच्या पेन्शनचा काढायचाय" असं आई त्याला म्हणाली होती, मी फोनवर ऐकलंय. पण मागच्या वर्षी ईपीएसचा दाखला त्याच्याकडूनच काढला होता, त्याच्या वहीत तोच पीपीओ लिहिलेला होता, आणि त्याने तोच टाकला. रेल्वेचा दाखला आई दरवर्षी शाखेत कागदावर द्यायची. यंदा गुडघ्यामुळे जिने चढवत नव्हते म्हणून दोन्ही कामं तिथेच करू म्हटलं.

मग रेल्वेवाल्यांच्या लेखी माझी आई...?

---

खतावणी | ४ जानेवारी, दुपारी २:००

नाही हो, त्यांच्या लेखी फक्त "दाखला आलेला नाही". मृत्यूची नोंद वेगळी होते, तिला मृत्यूचा दाखला लागतो आणि मग हिशेबही वेगळा सुरू होतो. आईंच्या पेन्शनचा आदेश जागच्या जागी आहे. महिन्याची यादी तयार होते तेव्हा ज्यांच्या दाखल्याची तारीख जुनी आहे त्यांची नावं वगळली जातात. नवी तारीख पडली की नाव परत येतं, अडकलेला महिनाही मिळतो.

झालं काय ते सांगते. ऑनलाइन दाखला माणसाच्या नावावर असला तरी तो जातो पीपीओच्या पत्त्यावर. आईंच्या नावे दोन पीपीओ आहेत, तर दाखलेही दोनच लागतात. आधार एक, चेहरा एक, खातं एक, पण बँकेला भविष्य निर्वाह निधीचा दाखला दिसत नाही आणि त्यांना बँकेचा दिसत नाही. नोव्हेंबरच्या त्या दाखल्याने ईपीएसची मुदत पुढच्या नोव्हेंबरपर्यंत नेली. रेल्वेकडे गेल्या वर्षीची कागदावरची तारीखच राहिली.

दोन पेन्शन एका खात्यात येत असल्या की हे लवकर ध्यानात येत नाही. काहीतरी जमा होतंय, म्हणजे पेन्शन चालू आहे, असं वाटतं. तुमच्या काउंटरवरच्या पोरालाही तसंच वाटलं.

आता काय करायचं. ऑनलाइन परत काढता येईल. त्यात मंजुरी देणाऱ्या खात्यात रेल्वे, पैसे देणाऱ्या संस्थेत तुमची बँक, प्रकार फॅमिली आणि वडिलांच्या पेन्शनच्या आदेशावरचा पीपीओ. रेल्वेची पेन्शन म्हणून दोन्हीकडे रेल्वे टाकणारे बरेच भेटतात. पैसे बँक देते, म्हणून दुसऱ्या ठिकाणी बँकच हवी. जुना चुकीचा दाखला दुरुस्त करता येत नाही, नवाच काढावा लागतो.

पण माझं ऐकाल तर यावेळी कागदावर द्या. आधीच थांबलेली पेन्शन आहे. शाखेतल्या माणसाने समोर बसून तारीख घातली की तुम्हाला तिथेच कळतं. ऑनलाइनमध्ये परत बँकेने स्वीकारला का, याची वाट बघत बसाल. आणि घराजवळची शाखा पहिल्या मजल्यावर असेल तर तिथेच जायचं बंधन नाही. त्याच बँकेची कोणतीही शाखा हयातीचा दाखला घेऊ शकते, रिझर्व्ह बँकेचे तसे निर्देश आहेत. तळमजल्यावरची शोधा.

---

चिंगी | ४ जानेवारी, दुपारी ३:२५

पोस्टमन घरी येऊन काढतो की! आमच्या आत्याचा इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या पोस्टमनकाकांनी ७० रुपयांत काढून दिला. आजींना घराबाहेरच पडायला नको.

---

खतावणी | ४ जानेवारी, दुपारी ३:४०

चिंगी, सोय छान आहे, पण तोही ऑनलाइनच दाखला. पोस्टमनकाका तुम्ही सांगाल तोच पीपीओ टाकणार. त्यांना बोलावलंत तर पेन्शनच्या आदेशाची प्रत हातात ठेवून टायपिंग होताना बघा.

---

गोदाकाठ | ४ जानेवारी, सायंकाळी ६:१०

राज्य सरकारवाल्यांचं तंत्र वेगळं, हे इथे सांगून ठेवतो, नाहीतर वाचणारा गोंधळेल. मी राज्य शासनातून निवृत्त, नाशिक. आमची पेन्शन जिल्हा कोषागारातून येते. कोषागार बँकेच्या शाखेला पेन्शनरांची यादी पाठवतं आणि नोव्हेंबरमध्ये शाखेत जाऊन आपल्या नावापुढे सही करायची. एका वर्षी मी एका पानावर माझ्याच नावाच्या दुसऱ्या गृहस्थांपुढे सही करून आलो. त्यांनी नंतर येऊन माझ्यापुढे केली. दोघांचीही चालू राहिली, कशी ते देव जाणे.

---

बाराभाई | ४ जानेवारी, सायंकाळी ६:३०

हाहा. बघा, कागद माफ करतो. कॉम्प्युटर करत नाही.

---

कडक_भाकरी | ६ जानेवारी, रात्री ८:५५

काल सोलापूरला आलो, आज आईला रिक्षाने स्टेशनकडच्या शाखेत नेलं, तळमजला. सविस्तर लिहितो, कुणाला उपयोग होईल.

पहिल्या खिडकीवरचं उत्तर ठरलेलं, "पेन्शन आमच्याकडे नसते, मुंबईच्या केंद्राकडे असते, तिकडे मेल करा." इथून बरेच जण परत जात असतील. मी ताईंनी सांगितल्याप्रमाणे "पेन्शन कुठून येते" हे विचारलंच नाही. "या पीपीओवर हयातीच्या दाखल्याची शेवटची तारीख कोणती दिसतेय, तेवढी बघून सांगा" म्हटलं. मग त्या बाई उठून आतल्या टेबलावर गेल्या. तिथल्या साहेबांनी पेन्शनची स्क्रीन उघडली. तारीख मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरची. खाली पेन्शन थांबवल्याचं कारण म्हणून दाखला बाकी असल्याची ओळ. ताई, तुम्ही सांगितलं ते अक्षरशः तसंच.

प्रमाण आयडीची पीडीएफ दाखवली तर साहेब म्हणाले, "हा आमच्याकडे आलेलाच नाही, येणारही नाही, यावर आमची बँक कुठाय?" नाकारलेल्यांच्या यादीतही नाही. सुटलेल्या बाणासारखा भलतीकडेच गेला तो.

मग कागदाचा फॉर्म, आधार, पेन्शनच्या आदेशाची प्रत. आईला समोर बसवून सही घेतली. सही थरथरते म्हणून अंगठाही घेतला. साहेबांनी तिथेच तारीख घातली आणि शिक्क्याची पोच दिली. मी पोच मागितल्यावर "कशाला हवी?" असं तोंड केलं, पण दिली.

आणखी एक गोष्ट सापडली. नोव्हेंबरमध्ये आठवणीचे मेसेज गेलेत असं स्क्रीनवर दिसतंय. कुणाला? वडिलांच्या जुन्या नंबराला. संयुक्त खातं होतं, वडील गेल्यावर त्यांचं नाव कमी केलं पण मोबाइल नंबर तोच राहिला. ते सिम कधीच बंद झालंय. आज आईचा नंबर घातला.

आता पैसे कधी येतील? साहेब म्हणाले, "येतील महिनाअखेरीला." खात्री किती धरायची?

---

खतावणी | ६ जानेवारी, रात्री ९:३०

उत्तम. नंबर बदललात हे फार बरं केलंत. केंद्र सरकारच्या पेन्शन विभागाने बँकांना २४ ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या १, १५, २५ तारखांना आठवण करायला सांगितलेलं आहे. विधवा आयांचे हे मेसेज कितीदा गेलेल्या नवऱ्याच्या फोनवर जातात, हे मी टेबलावर बसून पाहिलंय.

पैशांचं म्हणाल तर जानेवारीची यादी तयार होण्याआधी तारीख पडली आहे. त्यामुळे जानेवारीची पेन्शन आणि डिसेंबरची थकबाकी एकदम यायला हवी. काही वेळा केंद्र मधल्या काळात वेगळी यादी काढून थकबाकी आधी सोडतं, पण त्यावर विसंबू नका. २० तारखेच्या सुमारास शाखेत फोन करून एवढंच विचारा की "थांबवल्याची खूण निघाली का?" तारीख पडलेली असते आणि खूण मात्र तशीच राहते, असं क्वचित होतं. तारीख शाखेने घातलेली असते, खूण केंद्राने काढायची असते.

---

ओंटारियोकर | ७ जानेवारी, पहाटे ४:१२

उत्सुकतेने वाचतेय. माझे वडील केंद्र सरकारचे निवृत्त, आमच्याकडे कॅनडात असतात. कोविडच्या आधी आले ते इथेच. बँकेत दाखला दिलेलाच नाही, "पैसे तिकडे साठतायत" या समजुतीत. आता कळतंय की साठत नसावेत. दिला तर सगळं मागचं मिळेल का?

---

खतावणी | ७ जानेवारी, सकाळी ८:०५

साठत नाहीयेत. पण बुडालेलेही नाहीत. अडचण अशी की तीन वर्षांच्या आतला खंड असेल तर बँक दाखला घेऊन स्वतःच चालू करते. तीन वर्षांच्या वर गेलं तर बँकेच्या हातात राहत नाही, केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालयामार्फत ज्या खात्यातून निवृत्त झाले तिथली मंजुरी लागते. दाखला मात्र आजच काढायला घ्या. आधार आणि चालू मोबाइल असेल तर चेहऱ्याचा ऑनलाइन दाखला परदेशातूनही निघतो. नाहीतर भारतीय वकिलातीत जाऊन सही करून घ्या. आणि तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे सोलापूर हरवेल.

---

मिलिंद_प्र | ७ जानेवारी, सकाळी ११:४०

ईपीएसचा नियम मी सगळ्यांना लावला, ठीक. पण एक मुद्दा सोडणार नाही. पेन्शन उशिरा दिली तर बँकेने ८ टक्के दराने भरपाई द्यायची, तीही न मागता, असं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. डिसेंबरचे पैसे जानेवारीअखेर मिळणार. व्याज मागा!

---

खतावणी | ७ जानेवारी, दुपारी १२:२०

परिपत्रक आहे, आणि बँकेच्या बाजूने उशीर झाला तर तो तुमचा हक्कच आहे. पण इथे नोव्हेंबरात बँकेकडे दाखला पोचलाच नव्हता. बँक म्हणेल, आमचा उशीर नाही. दाखला वेळेत शाखेत देऊन पोच हातात असती आणि त्यांनी नोंद केली नसती, तर मी स्वतः तुम्हाला भांडायला पाठवलं असतं.

---

मिलिंद_प्र | ७ जानेवारी, दुपारी १२:४५

पण बँकेने आठवण बंद नंबरावर पाठवली त्याचं काय? मेसेज पोचला नाही हे त्यांच्या सिस्टिमला कळत असणारच. त्यांनी एक पत्र टाकायला हवं होतं.

---

खतावणी | ७ जानेवारी, दुपारी १:३०

नंबर बदलणं खातेदाराचं काम, असं बँक सांगणार. पत्राबद्दल तुमचं म्हणणं मला माणूस म्हणून पटतं, बँकेची माजी कर्मचारी म्हणून त्यावर पैज लावणार नाही. लेखी मागून बघायला हरकत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही.

---

बाराभाई | ७ जानेवारी, दुपारी २:१०

किती होईल हे व्याज? रिक्षाचं भाडं तरी सुटेल का?

---

मिलिंद_प्र | ७ जानेवारी, दुपारी २:१५

प्रश्न तत्त्वाचा आहे.

---

माजी_सुभेदार | ७ जानेवारी, रात्री ८:४०

कडक_भाकरी भाऊ, सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आलात का?

---

गोदाकाठ | ७ जानेवारी, रात्री ८:५२

सुभेदार साहेब, रेल्वे. रेल्वे.

---

कडक_भाकरी | २१ जानेवारी, सायंकाळी ७:००

आज शाखेत फोन केला. तारीख आहे, पण थांबवल्याची खूण तशीच! ताईंनी म्हटलेलं ते "क्वचित" आमच्याच वाट्याला. साहेब म्हणाले, "केंद्राला मेल करतो." मी म्हटलं, मेलमध्ये पीपीओ आणि पोचेची तारीख घाला आणि प्रत मला पाठवा. ते म्हणाले, प्रत देता येत नाही. मग मीच बँकेच्या तक्रारीच्या पानावर पेन्शनच्या सदराखाली अर्ज टाकला, पोचेचा फोटो जोडला, तक्रार क्रमांक मिळाला.

---

खतावणी | २१ जानेवारी, सायंकाळी ७:३५

बरोबर केलंत. मेल कुणीतरी उघडायचा असतो, तक्रार क्रमांकाला मुदत असते. यादी बंद व्हायला अजून वेळ असावा.

---

कडक_भाकरी | २९ जानेवारी, सकाळी १०:२०

जमा!! आईच्या नव्या नंबरावर मेसेज आला, तिनेच मला फोन करून वाचून दाखवला.

दोन नोंदी आहेत. मूळ फॅमिली पेन्शन ९,३००, त्यावर ५८ टक्के महागाई ५,३९४, म्हणजे महिन्याचे १४,६९४. तेवढीच रक्कम दोनदा, एक डिसेंबरची थकबाकी आणि एक जानेवारीची. एकूण २९,३८८. व्याजाची नोंद नाही. मिलिंदराव, तुमच्यासाठी हिशेब केला, एका महिन्याचं ८ टक्क्यांनी जेमतेम ९८ रुपये होतं. रिक्षाचं भाडं सुटत नाही.

---

मिलिंद_प्र | २९ जानेवारी, सकाळी १०:४०

अभिनंदन. ९८ असोत की ९८ पैसे, अर्ज टाका.

---

कडक_भाकरी | २९ जानेवारी, सकाळी ११:०५

टाकतो, बघू काय म्हणतात. बंद नंबरावरच्या मेसेजचा मुद्दा त्यात लिहिणार आहे.

ताई, एक शेवटची शंका. आता ईपीएसचा दाखला नोव्हेंबरच्या मध्याचा आणि रेल्वेचा ६ जानेवारीचा. पुढच्या नोव्हेंबरात रेल्वेचा परत द्यायचा का? जानेवारीत दिलाय म्हणजे वर्ष झालेलं नसेल.

---

खतावणी | २९ जानेवारी, सकाळी ११:३०

द्यायचा. रेल्वेच्या बाजूला वर्ष मोजत नाहीत, नोव्हेंबर बघतात. जानेवारीचा दाखला गेल्या नोव्हेंबरची भरपाई होती. ईपीएसचा मात्र नोव्हेंबरच्या मध्याच्या आत हवा, म्हणून दोन्ही १ ते १० नोव्हेंबरमध्ये एकदम उरका. दोन पीपीओ, दोन वेगळे प्रमाण आयडी. दुसरा आयडी पहिल्यासारखाच दिसला तर केंद्रातून उठू नका.

---

चिंगी | २९ जानेवारी, दुपारी १२:१५

माझ्या आत्यालाही दोन पेन्शन आहेत हे आत्ता लक्षात आलं. शाळेची आणि काकांची. पोस्टमनकाकांनी एकच काढला होता. शाळेची कोषागारातून येते, म्हणजे गोदाकाठ म्हणतात ती सही यादीत हवी होती का?

---

गोदाकाठ | २९ जानेवारी, दुपारी १२:४०

पोस्टमनकाकांच्या पीडीएफवर कोणता पीपीओ आहे ते आधी बघ. शाळेचा नसेल तर उद्याच शाखेत विचार, यादीत आत्याच्या नावापुढची जागा रिकामी आहे का. आणि सही करताना नाव दोनदा वाच.